‘चालले’ कोण?

गेल्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांसाठी आमच्या शाळेत जो फ्लेक्स लागला होता, त्यावर पाच फोटो होते. चार बाई आणि एक सर. वर झेंडूच्या माळेचं चित्र आणि खाली लालभडक अक्षरांत एक ओळ: ‘आमचे लाडके मार्गदर्शक आज आम्हाला सोडून चालले.’ ग्रुप फोटोसाठी पाचही जण त्याखाली उभे राहिले, तेव्हा शिवणाच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, मान वळवून ती ओळ मोठ्यानं वाचली आणि शेजारच्या सरांकडे बोट करून म्हणाल्या, “चालले म्हणजे कोण? मी चालले, की हे चालले?” सगळ्यांना हसू फुटलं, फोटोग्राफरनं तेवढ्यात बटण दाबलं, आणि सगळ्यांचे दात दिसतायत असा तो एकमेव फोटो आता स्टाफरूममध्ये लागला आहे.

मला मात्र ते वाक्य पुढे कित्येक दिवस कानात वाजत राहिलं. मे महिन्यात गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या उलटतानाही तेच. व्याकरणात ती ओळ चुकली होती असं कुणी म्हणणार नाही. पुरुषांच्या घोळक्याला ‘चालले’, आणि बायका-पुरुष मिसळून असले तरी लिहिताना आपला हात तिकडेच जातो. गंमत अशी, की एकटी बाई स्वतःबद्दल बोलते तेव्हाही हेच रूप येतं. मी आले, मी गेले, मी चालले. म्हणजे बाईंना ती ओळ स्वतःची म्हणून वाचायला क्रियापदानं अडवलंच नव्हतं. अडवलं होतं ते ‘आमचे लाडके’नं. तेवढे दोन शब्द वाचले की फोटोतल्या चार बाई बाजूला पडत होत्या आणि फ्लेक्सखाली सर एकटे उरत होते.

या वर्षी मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त होणार होते तिघं, तेही एकाच दिवशी, ३१ मे रोजी. यात नवल काही नाही. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनलाच असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं आणि घरच्यांना तारीख आठवली नाही, की १ जून लागायची. आता निवृत्तीचं वय भरलं की कागदावरच्या त्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी नोकरी संपते. मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून समारंभ एप्रिलअखेरीस. तिघांत एक गणिताचे सर, एक मराठीच्या बाई आणि प्रयोगशाळेतल्या आमच्या मावशी. मावशींचं पद कागदावर ‘प्रयोगशाळा परिचर’, पण हे त्यांना पगाराच्या दिवशीच आठवायचं. तिघांना वेगवेगळी मानपत्रं द्यायचा खर्च नको, फ्रेम महाग झाल्या आहेत, म्हणून मजकूर एकच आणि प्रती तीन, असं ठरलं.

डीटीपीच्या दुकानात गेले तर तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, फक्त नावं द्या. मॅटर आहे आपल्याकडे.” आणि त्यानं खरोखरच फाइल उघडून दाखवली. कुठल्या तरी सरांसाठी कधी काळी लिहिलेलं मानपत्र होतं ते. तालुक्यातल्या किती निवृत्तांच्या भिंतींवर ते टांगलेलं असेल देव जाणे. त्याचा मधला परिच्छेद असा होता: ‘आपण एक आदर्श शिक्षक होतात. स्वभावाने साधे, बोलण्यात मोजके आणि विद्यार्थ्यांचे लाडके. आपण वेळेवर आलात, मन लावून शिकवलेत आणि आज समाधानाने निवृत्त होत आहात. यापुढेही आपण शाळेत याल, आम्हाला मार्गदर्शन कराल, ही खात्री आहे.’ मी त्याची प्रिंट मागून घेतली. दहा रुपये गेले, पण पुढचा सगळा विचार त्या एका कागदावर झाला.

घरी येऊन लाल पेन घेतला आणि बाईंच्या कानानं तो परिच्छेद वाचत गेले. जिथे खडा लागेल तिथे खूण. वाचून झाल्यावर पाहिलं तर एकाही क्रियापदाखाली रेघ नव्हती. होतात, आलात, शिकवलेत, होत आहात, याल, कराल. ही सगळी रूपं सरांना जशी चालतात तशीच मावशींना. ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ म्हटलं की मराठी क्रियापद समोर कोण बसलंय हे विचारत नाही. ‘तू’ला ते विचारतं, तू आलास की आलीस. ‘तो’ला आणि ‘ती’ला विचारतं. ‘ते आले, त्या आल्या’ इथे तर अनेकवचनातही विचारतं. पण समोरच्या माणसाला आदरानं किंवा समोरच्या माणसांना एकत्र हाक मारली, की चौकशी थांबते. भविष्यकाळात तर ‘ती येईल, तो येईल, ते येतील, त्या येतील’, कुणालाच काही विचारलं जात नाही. हिंदीत असं नाही. तिथे ‘आओगे’ आणि ‘आओगी’ वेगळं काढावं लागतं. आमच्या दहावीच्या पोरी निरोपाच्या कार्डावर हिंदी ओळी उतरवतात आणि मग शेवटच्या अक्षरावर काना-मात्रा गिरवत बसतात, ते त्यामुळेच.

बोलण्यात हे इतकं सरळ नसतं, हेही खरं. ‘ताई, तुम्ही कधी आल्या?’ असं आपण सर्रास ऐकतो, आणि ऐकणाऱ्या बाईला त्यात आपुलकी वाटते. उलट कोल्हापूरकडची माझी मैत्रीण स्वतःबद्दल खुशाल ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणते आणि तिच्या बाईपणाला कुठे धक्का लागत नाही. पण मानपत्र काचेआड जाऊन भिंतीवर वर्षानुवर्षं राहणार, तिथे प्रमाण रूपं बरी. आणि प्रमाण रूप इथे आपल्या बाजूनं आहे.

मग लाल रेघा होत्या कुठे? साधे, मोजके, लाडके, शिक्षक. विशेषणं आणि एक नाम. माणूस क्रियापदाकडे बघत बसतो आणि लिंग मागच्या दारानं विशेषणातून शिरतं.

हे कळल्यावर काम बरंच सोपं झालं. ज्या विशेषणाच्या शेवटी ‘आ’ असतो ते माणसाप्रमाणे बदलतं. साधा, साधी, साधे, साध्या. ज्याचा शेवट तसा नसतो ते जागचं हलत नाही. प्रेमळ सर, प्रेमळ बाई, प्रेमळ मावशी. कडक, हुशार, शांत, मनमिळाऊ, कष्टाळू, शिस्तप्रिय, सगळी अशीच निमूट. पण म्हणून तिघांवर ‘शांत, मनमिळाऊ, शिस्तप्रिय’ अशी तीन बिरुदं चिकटवून मोकळं व्हावं, तर ते कुठल्याही तिघांना लागू पडलं असतं. मावशींना कुणी शांत म्हटलं असतं तर टाळ्यांऐवजी हशा पडला असता. दुसरी वाट अशी, की विशेषणाचं नाम करायचं. ‘तुम्ही साधे होतात’ याऐवजी ‘तुमचा साधेपणा’. आता ‘तुमचा’ हा शब्द साधेपणाला धरून राहतो, माणसाला सोडतो. हे मी लिहून पाहिलं, पण एका ओळीत साधेपणा, मोजकेपणा, नेटकेपणा असे तीन ‘पणा’ आले आणि वाचताना निबंधाच्या गाइडचा वास यायला लागला.

‘लाडके’ काढायला सगळ्यात वेळ लागला आणि तिथेच सगळ्यात चांगली ओळ मिळाली. ‘मुलांचे लाडके’ म्हणजे काय, तर मुलांचा जीव त्यांच्यावर. मग सरळ तेच लिहायचं. ‘मुलांचा तुमच्यावर जीव होता.’ वाक्याची मालकी जीवाकडे गेली, क्रियापद जीवाच्या मागे गेलं, आणि तिघंही ‘तुमच्यावर’मध्ये सुखानं मावले. असं करत गेल्यावर जाणवलं, की आपल्या निरोपाच्या बोलीत ही तजवीज आधीपासूनच आहे. आपण म्हणतो, ‘तुमची आठवण येईल.’ येणार ती आठवण. ‘तुमचा आधार वाटायचा’, वाटायचा तो आधार. ‘तुमच्याशिवाय करमणार नाही’, इथे तर करायला कुणीच नाही. ज्याला निरोप द्यायचा तो माणूस अशा वाक्यांत कर्ता नसतोच. तो ‘तुमची, तुमचा, तुमच्यावर, तुम्हाला’ असा कडेला बसलेला असतो आणि त्याच्याकडे बघत बाकीच्या गोष्टी येतात-जातात.

प्रत्यय लागला की लिंग गळतं, हे शाळेत आपण रूपं पाठ करताना पाहिलेलं असतं, पण लक्षात घेतलेलं नसतं. ‘सगळे’ आणि ‘सगळ्या’ वेगळे, पण ‘सगळ्यांना’ एकच. ‘ते’ आणि ‘त्या’ वेगळे, पण ‘त्यांनी, त्यांना, त्यांचं’ एकच. ‘लाडके सर’ आणि ‘लाडक्या बाई’, पण ‘लाडक्या सरांना’ आणि ‘लाडक्या बाईंना’. निवेदनाचा जो भाग ‘तुम्ही’ म्हणून लिहिता येत नाही, म्हणजे व्यासपीठावरून मुलांना या तिघांबद्दल सांगायचं असतं तेव्हा, हे फार उपयोगी पडतं. ‘ते नेहमी वेळेआधी यायचे’ म्हटलं की बाई गेल्या. ‘येत असत’ म्हटलं तर चालतं, सर येत असत आणि बाईही येत असत, पण ‘असत’ कानाला बखरीसारखं लागतं. ‘त्यांनी कधी उशीर केला नाही’ म्हणा. उशीर पुल्लिंगी, म्हणून ‘केला’. सर की बाई हा प्रश्नच उरला नाही.

‘त्यांनी’ची एक मर्यादा सांगायला हवी. हे ‘नी’ सगळ्या क्रियापदांना लागत नाही. केलं, दिलं, घडवलं, सांभाळलं याला लागतं. आले, बसले, हसले, रागावले याला नाही. बोलणं आणि विसरणं हे तर आडमुठेच. ‘ते बोलले, त्या बोलल्या’ करण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा मग ‘त्यांनी सांगितलं’ म्हणून बगल द्यायची. ज्या भूतकाळात काही केलेलं असतं तो निवेदनात बिनधोक, ज्यात नुसतं असणं-जाणं-येणं असतं तो जपून वापरायचा. आणि निरोपाच्या भाषणात नेमकी येण्याजाण्याचीच क्रियापदं जास्त असतात.

मसुद्याचा पहिला वाचक म्हणून आमचे मुख्याध्यापक. त्यांना सुरुवातच खटकली. मी लिहिलं होतं, ‘आज आपण सगळी इथे जमलो आहोत.’ ते म्हणाले, “बाई, ‘सगळे’ करा, टायपिंग चुकलंय.” टायपिंग चुकलं नव्हतं. आपल्याकडे पुल्लिंग-स्त्रीलिंगावर भांडण होऊ नये म्हणून तिसरं एक लिंग आहे, आणि घरात आपण ते रोज वापरतो. मुलं आली, माणसं जेवली, नवरा-नवरी निघाली. आई दारातून विचारायची, “आलात का रे सगळी?” त्यात भाऊ, बहिणी, शेजारची पोरं, सगळी मावायची. ती दोघं, आम्ही तिघं, यातही तेच नपुंसकलिंग. पण ते घरात जेवढं गोड लागतं तेवढं व्यासपीठावर लागत नाही, हे मला कबूल करायला हवं. माइकवर ‘आपण सगळी’ म्हटलं की आपण एकदम लहान होतो, सतरंजीवर बसून खाऊची वाट बघणारे. शिवाय छापलेल्या कागदावर ‘तिघं’चं ‘तिघे’ होतं आणि ‘तिघे’ पुरुषांचंही तसंच दिसतं. बोलताना जो फरक कानाला कळतो तो छापताना पुसला जातो.

मुख्याध्यापकांनी सुचवलेला दुसरा उपाय म्हणजे तिरपी रेघ. ‘लाडके/लाडक्या’, ‘शिक्षक/शिक्षिका’. काढून बघितलं. रेशनकार्डाच्या अर्जासारखं दिसायला लागलं, खाली ‘लागू नसेल ते खोडा’ लिहायचं तेवढं राहिलं होतं. तिसरा उपाय आमच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांचा, ज्यांची सगळी हयात परिपत्रकांत गेली. त्यांनी लिहून दिलं, ‘आपणांस या समारंभाद्वारे सन्मानपूर्वक निरोप देण्यात येत आहे.’ लिंगाच्या दृष्टीनं ओळ अगदी निर्मळ. पण वाचणाऱ्याला वाटावं की तिघांना निलंबित केलंय आणि चौकशी सुरू आहे. ‘देण्यात येत आहे’ म्हणजे देणाराच गायब. समोरच्याचं लिंग लपवता लपवता आपण स्वतःच नाहीसे होतो, ही यातली खरी खोड. निरोपात निदान देणारा तरी समोर हवा.

त्यामुळे मी ‘आम्ही’ला घट्ट धरलं. ‘आम्ही’ही ‘तुम्ही’सारखाच भला शब्द. आम्ही आलो, आम्ही शिकलो, आम्ही चुकलो, पोरं म्हणोत की पोरी. तुकोबांची निरोपाची ओळ पाहा: ‘आम्ही जातो आपुल्या गावा, आमचा राम राम घ्यावा.’ इथे ‘जातो’ आहे खरं, पण ते ‘आम्ही’चं, त्यामुळे वारीतली कुठलीही माउली ती ओळ अक्षर न बदलता म्हणू शकते. ‘मी’ म्हटलं असतं तर तिला ‘जाते’ करावं लागलं असतं. एरवीही एकट्यानं उठताना आपण ‘येतो हं’ किंवा ‘येते हं’ म्हणतो, पण संकोच असला की ‘येऊ?’, ‘निघू का?’ असं विचारतो, आणि त्या विचारण्यात बाई-पुरुष काही कळत नाही. समोरून उत्तर येतं ‘या’. तेही तसंच.

मधला परिच्छेद शेवटी असा झाला: ‘तुम्ही आम्हाला शिकवलंत, वेळप्रसंगी रागावलात आणि रागावल्यावर जवळही घेतलंत. आमच्या चुका तुम्ही मोजल्यात, पण कुणाला सांगितल्या नाहीत. मुलांचा तुमच्यावर जीव होता, आणि तुमचा या शाळेवर.’ ‘मोजल्यात’ ऐकून एकानं शंका काढली की हे बायकांचं रूप झालं. नाही झालं. तो ‘ल्या’ चुकांचा आहे. चुका स्त्रीलिंगी, अनेकवचनी. त्यांच्या जागी ‘दोष’ घातले असते तर ‘मोजलेत’ झालं असतं आणि कुणी हरकत घेतली नसती, पण ‘चुका’ हा शाळेचा शब्द आहे, तो मी सोडला नाही.

एवढं करूनही एक गोष्ट बोचत होती. मजकूर तिघांना पुरत होता, पण तिघांपैकी कुणाचाच वाटत नव्हता. मराठीच्या बाईंना मी घरी जाऊन वाचून दाखवला. त्या जाणकार, आणि समारंभापर्यंत गुपित ठेवायची माझी इच्छा त्यांनीच मोडून काढली. चहा गाळता गाळता ऐकलं आणि म्हणाल्या, “भाषा स्वच्छ आहे. पण मला ‘बाई’ म्हण की कुठे तरी. तेहतीस वर्षं पोरांनी मला बाई म्हटलंय.” बाईंचं म्हणणं खरं होतं. ‘आमच्या बाई’ या दोन शब्दांत जे आहे ते कुठल्याही बिनलिंगी ओळीत येत नाही. मावशींना ‘परिचर’ म्हणून सगळ्यांत बसवता येतं, पण मग त्या मावशी राहत नाहीत. म्हणून मधे तीन छोट्या ओळी घातल्या, एकेकाला नावानं हाक मारून. सरांच्या ओळीत खडूनं पांढरी झालेली बाही आणि ‘परत एकदा बघा’ हे त्यांचं पालुपद. बाईंच्या ओळीत शुद्धलेखनाचे लाल गोल. मावशींच्या ओळीत मोरचूद, फुटलेल्या परीक्षानळ्यांची वही आणि त्यांची शिवी नसलेली पण शिवीसारखी लागणारी ‘अरे शहाण्या’. या तीन ओळींत सर सरच आहेत आणि बाई बाईच. आधीच्या आणि नंतरच्या ओळी तिघांच्या. बिनलिंगी लिहिण्याचा अट्टहास फक्त तिथे, जिथे वाक्य तिघांशी एकदम बोलतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या नव्या सरांनी ‘आजचे सत्कारमूर्ती’ म्हणायचं ठरवलं होतं. मूर्ती स्त्रीलिंगी, तरी माणूस डोळ्यांसमोर आला की ‘आजचे’ होतंच. त्यांना ‘मंडळी’ हा शब्द देऊन पाहिला. तोही स्त्रीलिंगी, पण ‘मंडळी जमली’ म्हटल्यानं आजवर कुठल्या पुरुषाचा अपमान झालेला नाही. पूर्वी तर ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको. सरांना ‘मंडळी’ फार तमाशाच्या फडावरचं वाटलं, मग ‘सत्कारमूर्तींचं स्वागत’ यावर तडजोड झाली. प्रत्यय पुन्हा कामी आला.

शुभेच्छांना त्रास पडला नाही. आरोग्य लाभो, दिवस सुखाचे जावोत, हातून लिहिणं-वाचणं होत राहो. हे ‘ओ’वाले आशीर्वाद माणसाला कर्ता करतच नाहीत. शेवटी ‘शुभास्ते पंथानः संतु’ टाकावं असा आग्रह संस्कृतवाल्यांचा होता. त्यातला ‘ते’ एकट्याला उद्देशून आहे, तिघांना ‘शुभा वः’ लागेल, असं त्यांनीच नंतर सांगितलं. लिंगातून सुटलो तर वचनात अडकलो. ते वाक्य गेलं आणि ‘येत राहा’ आलं.

उरली सही. ‘आपला’ की ‘आपली’ की ‘आपले’? लिहिणारी मी, देणारी शाळा, वाचणारी दहावीतली मुलगी. ‘आपले स्नेहांकित’ हे डीटीपीच्या फाइलमधलं, पण पुन्हा तोच ‘आमचे लाडके’चा भाऊ. ‘आपलीच, शाळा’ असं मी लिहून दिलं. शाळा स्त्रीलिंगी, ‘आपलीच’ म्हणायला तिला कुणी अडवणार नाही. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं, ‘च’वर पेन ठेवला, आणि म्हणाले, “हे राहू द्या. पण खाली संस्थेचा शिक्का मारावा लागेल.” शिक्का बरोबर ‘लीच’वर बसला. तिन्ही प्रतींत ‘आप’ आणि ‘शाळा’ तेवढं नीट वाचता येतं.